धुतलेल्या साड्यांचा क्लेम

गंगाखेडला गोदावरीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमचे अण्णा माझ्याकडे परभणीत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि दुसऱ्या डोळ्यानं ते माझ्या घरातल्या सगळ्या गोष्टींमध्ये खोट काढायचे. दुकान आईवर सोडून आलेला माणूस दुसरं काय करणार?

आमचं दुकान आहेराचं. लग्नात देण्याघेण्याच्या साड्या, टॉवेल, टोप्या, ब्लाउजपीस. यातलं काहीही माणूस स्वतःसाठी घेत नाही. देण्यासाठी घेतो, आणि ज्याला मिळतं तो पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतो. आमच्याकडची एखादी साडी चार लग्नं फिरून येते आणि तरी कोणी नेसलेली नसते. तिचं सगळं मोल तिच्या घडीत असतं. घडी मोडली की ती साडी राहते, आहेर राहत नाही. मी लहानपणापासून हे ऐकत आले, पण यावर कधी एखाद्या सरकारमान्य माणसाशी वाद घालावा लागेल असं वाटलं नव्हतं.

गोदाम दुकानामागच्या गल्लीत, नाल्याला लागून. नदी फुगली की नाला उलटा वाहतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि तरी सगळ्यांची गोदामं नाल्याला लागूनच आहेत, कारण तिथं भाडं कमी. पितृपंधरवडा चालू होता. या दिवसांत आहेर कोणी घेत नाही, म्हणून व्यापारी पुढच्या लग्नसराईचा माल भरून ठेवतात. थोडक्यात, पुरानं वेळ अगदी विचारून निवडली होती.

रात्रभर फोन लागला नाही. गावातली लाइट गेलेली, आईचा मोबाइल बंद. सकाळी शेजाऱ्यांच्या नातेवाइकांकडून कळलं की माणसं सगळी ठीक आहेत, पण गोदामात कमरेला येईल एवढं पाणी आहे. अण्णांनी पट्टी न काढता शर्ट घातला. आम्ही एसटीनं निघालो आणि पिंगळीहून परत आलो, कारण पुढं रस्त्यावरून पाणी जात होतं आणि ड्रायव्हर समंजस होता.

मी परभणीत एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. फॉर्म भरणं हा माझा धंदा, त्यामुळे मी घरी बसून जे करता येईल ते केलं. विम्याची पॉलिसी बँकेनंच काढलेली होती. दुकानाला मालावर कर्ज आहे, म्हणून बँक दरवर्षी खात्यातून हप्ता कापून घेते आणि अण्णा दरवर्षी त्यावरून चिडतात. पॉलिसीचा कागद त्यांनी आयुष्यात वाचलेला नव्हता. मी बँकेच्या साहेबाकडून मोबाइलवर मागवला, त्यात पूर आहे की नाही ते बघितलं, गोदामाचा पत्ता आमचाच आहे ना ते बघितलं. दोन्ही होतं. कंपनीच्या फोनवर क्लेम नोंदवला, नंबर मिळाला. फोनवरची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल फेकू नका, विकू नका, हलवू नका. आहे त्या स्थितीत फोटो काढून ठेवा."

मी हे अण्णांना सांगितलं. अण्णांनी मान हलवली आणि म्हणाले, "तुझ्या आईला कोन सांगणार?"

कोणीच सांगणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी रस्ता उघडला.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरलो आणि मी वर बघितलं. सगळ्या गच्च्या, सगळे कठडे, विजेच्या खांबापासून खिडकीपर्यंत बांधलेल्या दोऱ्या, सगळीकडे साड्या वाळत होत्या. निवडणुकीतसुद्धा आमच्या गल्लीत एवढं कापड टांगलं जात नाही. खाली एका ओट्यावर आई बसली होती, गुडघ्यापर्यंत पातळ खोचून, समोर साबणाच्या पाण्याची घमेली. शेजारच्या तीन बायका आणि पलीकडची टेलरीण तिच्याबरोबर. पाणी ओसरल्यापासून त्या धूत होत्या. भिजलेल्या साड्यांचा रंग एकमेकींना लागायच्या आत, कुबट वास सुटायच्या आत. कुठल्याही बाईनं हेच केलं असतं. ओलं कापड ढिगानं पडू देणारी बाई आमच्या भागात अजून जन्माला यायची आहे.

आईचा चेहरा दमलेला होता, पण अण्णांना बघून ती हसली. शाबासकी घ्यायला थांबलेल्या माणसासारखी हसली, आणि म्हणून पुढचं मला अजून खुपतं.

अण्णा एका डोळ्यानं गच्च्यांकडे बघत राहिले. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "नदीनं नुसतं भिजवलं होतं. बुडवलंस तू. आता विमेवाल्याला काय दाखवू, धुतलेली साडी? पुराव्यालाच साबण लावलास की!"

टेलरीणबाईनं हातातली साडी पिळायची अर्धवट सोडली. आईनं हात पदराला पुसले, चपला घातल्या आणि ती घरी निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात आली नाही. पंचवीस-तीस वर्षं रोज दुपारी येऊन साड्यांच्या बाजूला बसणारी बाई. स्वयंपाक करायची, डबा पाठवायची, अण्णांशी बोलायची नाही. मी रजा वाढवली. मला अण्णांचा राग आला होता आणि राग घेऊनच त्यांचं काम करायला बसले.

काम म्हणजे नुकसानीची यादी. क्लेमच्या फॉर्मात सोपे प्रश्न असतात. नुकसान कधी झालं, कशानं झालं, दुसरीकडे विमा आहे का. त्याच्यापुढं खरा भाग: कुठला माल, किती, किती किमतीचा, आणि त्याला पुरावा काय. पुरावा म्हणजे खरेदीची बिलं, स्टॉकचं रजिस्टर, दर महिन्याला बँकेला दिलेला मालाचा तक्ता, जीएसटीचे कागद, आणि पाणी आलं होतं हे सांगणारा तलाठ्याचा पंचनामा. कागद दुकानात वरच्या माळ्यावर होते, म्हणून वाचले. तलाठी बिचारा सगळ्या गावाचे पंचनामे करत फिरत होता. त्यानं आमच्या दारातच उभं राहून मोजमाप घेतलं आणि पाणीसुद्धा प्यायला नाही. पाण्याचा त्याला वीट आला असावा.

अडचण एकच होती. बिलात लिहिलं होतं अमुक डिझाइन नंबरच्या साड्या. डिझाइन नंबर असतो प्लास्टिकच्या पिशवीवरच्या चिकटपट्टीवर. आणि साड्या तर पिशव्यांतून काढून, धुऊन, उन्हात. कुठली साडी कुठल्या बिलातली हे कसं सांगायचं?

मी घरी जाऊन आईला विचारलं, "पिशव्या फेकल्यास का गं?"

"फेकायला काय झालं? भंगारवाल्याला द्यायच्यात. पोत्यात भरून ठेवल्यात न्हाणीमागं."

माझी आई आयुष्यात रिकामी पिशवी फेकू शकलेली नाही. या सवयीवरून आम्ही भावंडांनी तिची पुष्कळ चेष्टा केलेली आहे. न्हाणीमागं चार पोती होती, चिखलानं माखलेल्या पिशव्यांची, आणि प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी. मी अण्णांना फोन करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "घेऊन ये." "आईला काही सांगू?" मी विचारलं. "काय सांगायचंय?" म्हणाले.

पिशव्या जुळवायला आईच लागणार होती, कारण कुठल्या पिशवीतून कुठली साडी निघाली हे तिलाच आठवत होतं. पण ती दुकानात येणार नाही. अण्णा घरी येऊन विचारणार नाहीत. म्हणून मी वाळलेल्या साड्यांचे गठ्ठे स्कूटीवर घालून घरी न्यायची, आई एकेक साडी हातात घेऊन सांगायची, "ही सुरतेच्या माणसाची. ही जिंतूरच्या लग्नासाठी मागवलेली," मी लिहायची, आणि गठ्ठे परत. वाटेत लोक विचारायचे, "फेरीवर निघालाव का?" मी हो म्हणायची. अण्णा दुकानात एका डोळ्यानं बिलं वाचायचे. त्यांनी घरचा एकही निरोप कधी विचारला नाही, आणि गठ्ठा आला की मात्र चष्मा सरसावून बसायचे.

टॉवेल आणि टोप्या आईनं धुतल्या नव्हत्या. तिथपर्यंत पोचायच्या आतच अण्णा आले होते. त्या तशाच ओल्या ढिगात पडून होत्या. पांढऱ्या टोप्यांवर साड्यांचा लाल-हिरवा रंग उतरलेला, बुरशीचा वास. या ढिगाकडे बघून अण्णांना फार समाधान वाटायचं. "हा खरा पुरावा," ते म्हणायचे.

सर्व्हेअर साहेब नांदेडहून आले. कंपनीनं पाठवलेले, पण कंपनीचे नोकर नव्हेत. विम्यात नुकसान मोजायला असाच स्वतंत्र माणूस नेमतात. जाड, शांत, पाठीवर सॅक. त्यांच्याकडे एवढ्या पूरग्रस्तांचे क्लेम होते की ते एखाद्या रुग्णालयातल्या डॉक्टरासारखे बघत होते, न दुखावता आणि न गुंतता. त्यांनी भिंतीवरची चिखलाची रेघ टेपनं मोजली. खालच्या दोन फळ्या पाण्यात गेल्या, वरच्या कोरड्या राहिल्या, हे लिहून घेतलं. प्रत्येक फोटोवर तारीख आणि जागा उमटते असं अ‍ॅप होतं, त्यातून फोटो काढले. शेजाऱ्यानं पुराच्या सकाळी गच्चीवरून मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मागून घेतला. त्यात आमच्या गोदामाचा दरवाजा आणि त्यातून तरंगत बाहेर आलेली टोप्यांची खोकी दिसत होती. टोप्यांचा ढीग त्यांनी पायानं हलवून बघितला आणि "हे तर गेलंच" म्हणाले. अण्णा खूश.

मग त्यांनी एक साडी उलगडली. स्वच्छ, वाळलेली, वासाची. साबणाच्या वासाची.

"ही तर चांगली आहे. हिचं काय नुकसान झालं?"

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की बघ, सांगितलं होतं की नाही मी. मग घसा साफ करून म्हणाले, "साहेब, धुतलेली साडी आहेरात चालत न्हाई. कोरी लागती. कडक घडी लागती."

"मला माहीत आहे ते. माझ्याही घरी लग्नं झालीत." साहेबांनी साडीची घडी पुन्हा घातली, नीट. "पण रिपोर्टात 'मला माहीत आहे' असं लिहिता येत नाही. नेसता येते ना ही साडी? मग तिला काहीतरी किंमत आहे. ती किंमत तुमच्या नुकसानीतून वजा होणार. किती वजा करायची, एवढाच प्रश्न. बाजारातले लोक या साड्या काय भावानं घेतील ते लेखी आणा. दोन-तीन व्यापाऱ्यांकडून, त्यांच्या लेटरहेडवर. तुमच्या शब्दावर मी लिहू शकत नाही आणि माझ्या शब्दावर कंपनी मान्य करणार नाही."

टेलरीणबाई तेवढ्यात चहा घेऊन आली होती. साहेबांनी सहज तिला विचारलं, "मावशी, ही साडी निम्म्या किमतीत मिळाली तर आहेरासाठी घ्याल का?"

"नेसायला घेते की. आहेराला न्हाई."

"का?"

"अहो, विहीण आधी वास घेती. मग घडीची रेघ बघती. मग माझं नाव गावभर करती." तिनं कप ठेवला. "माझ्या पोरीला सासरी राहायचंय की."

साहेब पहिल्यांदाच हसले. वहीत काहीतरी लिहिलं. मग मान वर करून म्हणाले, "धुतल्या कोणी? पाणी ओसरल्यावर मालाला हात कोणी लावला, त्यांचं निवेदन लागेल. सहीनिशी."

अण्णा भिंतीवरच्या रेघेकडे बघायला लागले. मी म्हणाले, "आई घरी आहे. मी लिहून आणते."

घरी आई शेंगा सोलत होती. मी सांगितलं की सर्व्हेअरला निवेदन पाहिजे. "म्हंजे मला विचारायलेत का, की मला दोष द्यायलेत?" तिनं विचारलं. मला खरंच सांगता येईना. रिपोर्ट विरुद्ध गेला असता तर कंपनीनं म्हटलं असतं की मालकांनी स्वतःच पुरावा नष्ट केला, आणि अण्णांनी आयुष्यभर तेच म्हटलं असतं. मी तसं तिला सांगितलं. माझ्या आईशी गोड बोलून उपयोग नसतो.

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "लिही. पाणी उतरल्यावर आमी गोदाम उघडलं. साड्या भिजल्या होत्या, रंग सुटायला लागला होता. लाइट नव्हती, फोन नव्हता. घरधनी परभणीला होते. विचारायला कोनी नव्हतं. तशाच ठेवल्या असत्या तर दोन दिवसांत सडल्या असत्या. म्हणून धुतल्या. भिजलेला माल सडू द्यायचा न्हाई एवढं मला कळतं." ती थांबली. "लिहिलंस? आता लिही, चार बायकांनी दोन दिवस फुकट काम केलं. मला कोनी बोललं तर चालतंय, त्यांना बोललेलं चालायचं न्हाई."

शेवटचं वाक्य विम्याच्या कामाचं नव्हतं, पण मी लिहिलं. तिनं खाली सही केली, हळूहळू, प्रत्येक अक्षर सुटं.

साहेबांनी ते उभ्या उभ्या वाचलं, दोनदा. अण्णांनी विचारलं, "काय होईल साहेब?" साहेब म्हणाले, "रिपोर्टात येईल," आणि कागद सॅकमध्ये घातला.

नंतरचे दिवस अण्णा लेटरहेड गोळा करत फिरले. हे त्यांच्यासाठी नदीपेक्षा अवघड होतं. जन्मभर ज्या व्यापाऱ्यांना आपला माल सगळ्यात चांगला म्हणून सांगितलं त्यांच्याकडे जाऊन, आपला माल किती वाईट आहे ते लेखी द्या, असं म्हणायचं. बाजारातल्या दोघांनी लिहून दिलं की धुतलेला माल आहेराला आम्ही घेणार नाही, रोजच्या वापराची साडी म्हणून इतक्या भावानं घेऊ. तिसऱ्यानं, जो अण्णांचा जुना स्पर्धक, किलोवर भाव लिहून दिला. अण्णा तो कागद घेऊन आले तेव्हा अपमानानं लाल झालेले होते आणि क्लेमला तोच कागद सगळ्यात उपयोगी पडला, कारण भाव जेवढा कमी तेवढं नुकसानीतून कमी वजा.

दिवाळीच्या आधी दोन दिवस मी मागितल्यावर कंपनीनं रिपोर्टची प्रत मेलवर पाठवली. इंग्रजीत. आम्ही मागितलेलं सगळं मिळालं नव्हतं. काही टॉवेलांची बिलं सापडली नव्हती, ते गेले. पॉलिसीत ठरलेली कपात झाली. साड्यांची उरलेली किंमत वजा झाली, पण व्यापाऱ्यांच्या कागदाप्रमाणे, म्हणजे वाजवी. पैसे नंतर थेट बँकेच्या कर्जखात्यात जाणार होते, आणि तसे ते गेलेही. दुकान उभं राहिलं एवढं खरं. टोप्या-टॉवेलांच्या ढिगाबद्दल साहेबांनी लिहिलं होतं की तो वेगळा करून वाळवला असता तर त्यातला काही भाग वाचला असता, आणि त्याबद्दल त्यांनी थोडं कापलं होतं. खऱ्या पुराव्याचे पैसे कापले गेले, हे मी अण्णांना दोनदा वाचून दाखवलं. एकदा पुरलं असतं.

आणि साड्यांबद्दल एक परिच्छेद होता. तो मी वाचला तेव्हा अण्णा म्हणाले, "तुझ्या आईला सांग."

"तुम्ही सांगा," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर तिला बोललात तुम्ही."

लक्ष्मीपूजनाला आई दुकानात आली, कारण पूजेला जोडीनं बसावं लागतं आणि लक्ष्मीशी तिचं भांडण नव्हतं. पूजा झाली. रिवाजाप्रमाणे सगळी गल्ली प्रसादाला आली. त्या चारही बायका होत्या, शेजारी होते, किलोवर भाव देणारा स्पर्धकही होता. आई निघायला उठली तेव्हा अण्णा म्हणाले, "थांब जरा. साहेबाचा रिपोर्ट आलाय." आणि माझा मोबाइल मागून घेतला. डोळा आता बरा होता. त्यांनी इंग्रजी वाक्य एकेक शब्द लावत वाचलं. कोणाला काही कळलं नाही.

टेलरीणबाई म्हणाली, "मराठीत सांगा की, अण्णा."

अण्णांनी घसा खाकरला. "साहेबानं लिहिलंय की विमाधारकानं वेळेवर माल धुऊन वाळवला, त्यामुळं नुकसान कमी झालं. विमाधारकानं आपलं कर्तव्य बरोबर केलं."

"विमाधारक कोन?" आईनं विचारलं. महिनाभरातला तिचा त्यांच्याशी पहिला शब्द.

"मी," अण्णा म्हणाले. "माझ्या नावावर हाय पॉलिसी."

"मग तुमी धुतल्या का?"

अण्णा मोबाइलकडे बघत राहिले. त्यात मदत करणारं काही नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले. "तू धुतल्यास. ह्या बायांनी धुतल्या. तुमी धुतल्या म्हणून माल वाचला. आन मी तुला हितं सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं माझं."

"ते बी साहेबानं लिहिलंय का?"

"न्हाई. ते रिपोर्टात न्हाई. ते मी माझ्या मनानं सांगायलोय."

आईनं पदर सारखा केला. मला वाटलं आता ही रडणार. मग तिनं अण्णांच्या मागच्या फळीकडे बोट दाखवलं.

"उद्या येते मी दुपारी," ती म्हणाली. "त्या साड्यांच्या घड्या लय वाईट घातल्यात तुमी."